प्रगती: चांगली, वर्तणूक: चांगली

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा भाच्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स हातात आली. ताईने ती आधार, रेशनकार्ड आणि जातीच्या दाखल्यासोबत एका पिशवीत घालून ठेवली होती. आपण सगळ्यांनीच आयुष्यात हा कागद पाहिलेला असतो, पण वाचलेला नसतो. मी वाचला. मुलाचं नाव, आईचं नाव, धर्म, जात, पोटजात. जन्मतारीख आधी अंकात आणि मग अक्षरात. आधीची शाळा, कोणत्या इयत्तेत कधीपासून. मग ‘अभ्यासातील प्रगती: चांगली’. ‘वर्तणूक: चांगली’. ‘शाळा सोडण्याचे कारण: पुढील शिक्षणासाठी’. आणि शेवटी ‘शेरा’ नावाचा एक रकाना, त्यात एक आडवी रेघ.

पोरगं सात वर्षं त्या शाळेत होतं. सात वर्षांत शाळेला त्याच्याबद्दल जे काही कळलं ते पुढच्या शाळेला सांगायची ही एकमेव अधिकृत जागा, आणि तिथे ‘चांगली’ हा एक शब्द दोनदा लिहून ठेवलाय.

मी तो कागद वाचत बसलो, कारण घरात विषय तोच चालला होता. आमचं गाव खुलताबाद तालुक्यात. गावात जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा आहे, आठवीला एसटीने तालुक्यातल्या एका हायस्कूलला जावं लागतं. भाचा जूनपासून जात होता. ताई म्हणाली, “ह्याला आता शाळेचं नावच नको झालंय. सातवीपर्यंत परिपाठ हाच घ्यायचा, आता सकाळी उठला की पोट दुखतं.” दाजींचं निदान तयार होतं, “वयच आहे ते. त्यात मोबाईल.” आणि शेजारच्या काकांनी नेहमीप्रमाणे कळस चढवला, “झेडपीत पोरांना फुकट वर ढकलतात, हायस्कूलला गेलं की पितळ उघडं पडतं.”

वय, मोबाईल, झेडपी. महाराष्ट्रातल्या कुठल्याही ओट्यावर पाचवीत किंवा आठवीत गळपटलेल्या पोराबद्दल विचारा, ही तीनच उत्तरं मिळतील. मला ती तिन्ही खोटी वाटतात. खोटी नसली तरी आळशी नक्की वाटतात. मुलाचा उत्साह आपोआप आटत नाही. तो दोन शाळांच्या मधल्या फटीत सांडतो, आणि ती फट आपण ठेवलेली आहे.

आधी वयाचं घेऊ, कारण ते सगळ्यांत शास्त्रीय वाटतं. आपल्याकडे एक प्रयोग कुणी न ठरवता कित्येक वर्षं चालू आहे. जिल्हा परिषदेच्या काही शाळा चौथीला संपतात, काही पाचवीला, काही सातवीला. मराठवाड्यात तर जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या प्रशाला आहेत, तिथे काही मुलं एकाच आवारात दहावीपर्यंत जातात. आता घसरण जर वयामुळे होत असेल, तर ती सगळ्यांना एकाच वयात व्हायला हवी. पण आमच्या बाजूच्या वस्तीवरची चौथीनंतर बाहेर पडणारी पोरं पाचवीत गप्प होतात आणि आमच्या गावातली आठवीत. मिसरूड फुटायच्या तीन वर्षं आधी गप्प झालेल्या पोराला वयाचं कारण कसं लावायचं?

माझी पाहणी दोन वस्त्यांची आहे, तिच्यावर कुणी विश्वास ठेवू नये. पण हाच प्रश्न न्यूयॉर्क शहरात मोठ्या आकड्यांवर तपासून झालेला आहे. तिथेही काही मुलं पाचवीनंतर शाळा बदलतात, काही सहावीनंतर, आणि काही आठवीपर्यंत एकाच शाळेत राहतात. जोना रॉकऑफ आणि बेंजामिन लॉकवुड या दोन अभ्यासकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुलांचे वर्षानुवर्षांचे गुण शेजारी शेजारी ठेवून पाहिले. सहावीला शाळा बदलणाऱ्यांचे गुण सहावीत घसरले, सातवीला बदलणाऱ्यांचे सातवीत. एकाच शाळेत राहिलेल्यांचे तसे घसरले नाहीत. घसरलेली मुलं पुढच्या वर्षी सावरली असंही झालं नाही, अंतर आठवीपर्यंत वाढतच गेलं. वय सगळ्यांचं सारखंच वाढत होतं. फरक होता तो शाळा बदलण्याचा.

आता भाच्याकडे येतो. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि आमच्या धंद्यात काही बंद पडलं की पहिल्यांदा लॉग बघायचे असतात. मुलाचा लॉग म्हणजे त्याची वही. त्याला प्रश्न विचारून काही हाती लागत नव्हतं (“काही नाही मामा, बोअर होतं” यापुढे गाडी सरकेना), म्हणून मी गणिताची वही मागितली.

आठवीच्या गणिताचा पहिलाच धडा परिमेय संख्यांचा आहे. त्यात ऋण अपूर्णांकांची तुलना येते. उदाहरणार्थ −३/४ आणि −२/३ यांतली मोठी संख्या कोणती? करायचं एवढंच, की छेद समान करायचे. म्हणजे −९/१२ आणि −८/१२. संख्यारेषेवर −८/१२ उजवीकडे, म्हणून −२/३ मोठी. ज्याला सहावी-सातवीचे अपूर्णांक आणि ऋण संख्या पक्क्या येतात त्याला दोन मिनिटांचं काम.

भाच्याच्या वहीत हे उदाहरण होतं, पण ३/४ आणि २/३ असं. वजा चिन्ह नव्हतं. उत्तर मात्र फळ्यावरचं उतरवलेलं, −२/३ मोठी. म्हणजे दिलेल्या प्रश्नात नसलेलं चिन्ह उत्तरात उगवलं होतं. पान उलटलं. पुढच्या पानावर काही ठिकाणी वजा होतं, काही ठिकाणी नव्हतं. दशांश चिन्हंही अशीच, मध्येच हरवलेली. मराठीच्या वहीत अनुस्वार पडले होते. गणित न कळणारं पोरगं अनुस्वार कशाला गाळेल?

त्याला अंगणात उभं केलं आणि रस्त्यावरून येणाऱ्या एसटीची पाटी वाचायला सांगितली. गाडी अगदी जवळ येईपर्यंत त्याला ती वाचता आली नाही.

वर्गात बसतोस कुठं, तर शेवटून दुसऱ्या बाकावर. का, तर पहिल्या आठवड्यात उंचीप्रमाणे बसवलं आणि हा उंच. दुसऱ्या दिवशी संभाजीनगरला डोळे तपासले. उणे पावणेदोनचा चष्मा लागला.

इथपर्यंत ही डोळ्यांची गोष्ट आहे. चष्मा लागला, पोरगं सुधारलं, संपलं, असं मला वाटलं होतं. पण भाऊबीजेला गावातल्या शाळेचे गुरुजी पारावर भेटले. त्यांना चष्म्याचं सांगितलं तर ते म्हणाले, “अहो, त्याला लांबचं नीट दिसत नाही म्हणून तर मी पाचवीपासून पहिल्या रांगेत बसवायचो. घरी निरोपही धाडला होता.” निरोप आला होता, हे ताईलाही आठवलं. तेव्हा कापूस वेचणी चालू होती, मग राहूनच गेलं. पहिल्या रांगेत दिसत होतं, त्यामुळे तक्रार कधी झाली नाही.

मी जरा धीर करून विचारलं, “गणितात कसा होता?” गुरुजींनी जे उत्तर दिलं ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. “कागदाची पट्टी हातात दिली की सगळे अपूर्णांक येतात. पट्टी काढून घेतली की अडकतो. तोंडी हिशेब पक्का. लिहायला लावलं की घाबरतो, म्हणून त्याला आधी तोंडी विचारायचं, मग लिहायला सांगायचं. आणि पहिलीच्या पोरांना वाचून दाखवायचं काम दिलं की दिवसभर खूश.”

या पाच वाक्यांत त्या मुलाची संपूर्ण किल्ली होती. ती गुरुजींच्या डोक्यात होती, आणि पंधरा जूनला तो मुलगा एसटीत बसला तेव्हा ती गावातच राहिली. हायस्कूलला पोचला तो हजेरी क्रमांक सत्तेचाळीस, प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. पहिल्या घटक चाचणीत वीसपैकी सहा मिळाले. आजवर ज्याला प्रगतिपुस्तकावर ‘अ-२’ हे अक्षर दिसत होतं त्याला पहिल्यांदा स्वतःची किंमत आकड्यात कळली, आणि ती सहा होती. त्यानंतर त्याने वर्गात हात वर केला नाही. मला विचाराल तर हे शहाण्या माणसाचं वागणं आहे. आपल्याला दिसत नाही, विचारलं तर हसं होतं, आणि ज्या कामात आपण चांगले आहोत ते इथे कुणी मागत नाही, हे ज्याला तीन महिन्यांत कळलं त्याने पोटदुखी काढली तर त्यात आळस कुठे आला?

हायस्कूलच्या गणिताच्या सरांना मी भेटलो. भांडायच्या तयारीत गेलो होतो, पण माणूस सरळ निघाला. त्यांच्याकडे पाच तुकड्या. साठ-साठ पोरं धरली तरी तीनशे. पस्तीस मिनिटांचा तास, त्यात हजेरी आणि फळा पुसणं धरलंच नाही तरी एका मुलाच्या वाट्याला पस्तीस सेकंद येतात. गुरुजींकडे चोवीस मुलं आणि सगळा दिवस होता. सर म्हणाले, “दिवाळीपर्यंत मला नावं पाठ होत नाहीत, डोळे कुणाचे कसे आहेत हे कसं कळणार? वीसेक गावांतून पोरं येतात. कुणी काय शिकून आलंय ते मला कुणी सांगत नाही, आणि मीही कधी विचारलेलं नाही.” शेवटचं अर्धं वाक्य त्यांनी स्वतःहून जोडलं.

आमच्या कंपनीत कुणी नोकरी सोडून निघालं की नोटीस पिरियडमध्ये त्याच्याकडून केटी घेतात. नॉलेज ट्रान्सफर. कुठला सर्व्हर महिनाअखेरीला रुसतो, कुठल्या फाइलला हात लावायचा नाही, कुठला क्लायंट फोनवर ऐकतो आणि मेलवर भांडतो, हे सगळं नव्या माणसाला शेजारी बसवून सांगितलं जातं. ते नीट झालं नाही तर मॅनेजर जाऊ देत नाही. कुणा बँकेच्या रिपोर्टिंग मॉड्यूलसाठी दोन आठवड्यांची केटी, आणि तेरा वर्षांच्या माणसासाठी एक आडवी रेघ.

कुणी म्हणेल, नोंदी असतात की. असतात. २०१० नंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी शिक्षकांनी ठेवायच्या असतात. कल्पना उत्तमच होती. व्यवहारात काय झालं ते कुठल्याही शिक्षकाला खासगीत विचारा. नोंदींच्या तयार याद्या व्हॉट्सअॅपवर फिरतात, त्यांतून ‘गटकार्यात उत्साहाने सहभागी होतो’ छापाची वाक्यं उचलून वहीत उतरवली जातात, आणि ती वही तपासणीनंतर कपाटात जाते. पुढची शाळा ती मागत नाही. माहिती हलते ती ऑनलाइन. नवी शाळा पोर्टलवर मुलाची विनंती टाकते, जुनी शाळा मंजूर करते, आणि आयडी इकडचा तिकडे होतो. त्यात आधार जुळलं का हे बारकाईने बघतात, कारण ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते आणि संचमान्यतेवर शिक्षकांची पदं ठरतात.

इथे सगळ्यात कडू भाग येतो. एप्रिल-मे महिन्यात आमच्या गावात सातवीच्या पोरांना जेवढा भाव असतो तेवढा नंतर आयुष्यात कधी मिळत नाही. हायस्कूलचे शिक्षक उन्हातान्हात गाड्या काढून दारोदार येतात. कुणी दप्तर देऊ म्हणतं, कुणी बसच्या पासचं बघतो म्हणतं. त्यांचंही चुकत नाही. तुकडी तुटली तर त्यांच्यातला एक अतिरिक्त ठरून कुठल्या कुठे समायोजनात जाणार. इकडे सातवीची शाळा आठवीचा वर्ग जोडायला निघालेली असली तर दाखला द्यायला टाळाटाळ होते. शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा किंवा नाकारायचा नाही. तरीही ओढाताण होते. सगळ्यांना दाखला हवा असतो. मुलाबद्दल चार गोष्टी विचारून घ्यायला मात्र त्या उन्हाळ्यात एकही गाडी येत नाही.

वर आणखी एक गंमत बघा. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झाला तर फेरपरीक्षा, त्यातही नापास झाला तर त्याच वर्गात. पाचवी आणि आठवी. ज्यांची शाळा चौथीला संपते त्यांचं नव्या शाळेतलं पहिलं वर्ष पाचवी, ज्यांची सातवीला संपते त्यांचं आठवी. म्हणजे पोरगं सगळ्यात जास्त अनोळखी असतं नेमक्या त्याच वर्षी त्याला नापास करायची सोय आपण करून ठेवली आहे. परीक्षा असावी की नसावी हा वाद मी इथे घालत नाही. पण या दोन वर्षांत नापास झालेल्यांच्या यादीत शाळा बदलून आलेले किती आणि जुन्याच शाळेतले किती, हे कुणी वेगळं मोजलं तर मला ती यादी बघायची आहे.

“आम्ही नाही का शिकलो?” हे वाक्य आता येणार, म्हणून माझंच सांगतो. मी २०१० साली आठवीत गेलो आणि सहामाहीला गणितात काठावर पास झालो. मला वाचवलं ते चुलतभावाने. तो संभाजीनगरला डिप्लोमा करत होता, सुट्टीत आला, वही बघितली आणि म्हणाला, “तुला कंस सोडवताना चिन्ह बदलायचं कळलेलंच नाही.” दोन संध्याकाळी बसवलं, झालं. माझ्या शेजारी बसणारा मित्र सातवीत मला अपूर्णांक समजावून सांगायचा. त्याला डिप्लोमावाला चुलतभाऊ नव्हता. तो नववीत बाहेर पडला, आज वेरूळच्या रस्त्यावर टायर-पंक्चरचं दुकान चालवतो, बरं चालवतो. माझं इंजिनिअर होणं हा व्यवस्थेचा पुरावा म्हणून कुणी दाखवू लागलं तर मी त्या दुकानाचा पत्ता देईन.

मग करायचं काय? मला नवी योजना नको, अॅप तर अजिबात नको. एक पान हवं, दाखल्यासोबत. त्यावर वर्गशिक्षकाने हाताने लिहायचं: याला काय पक्कं येतं, नेमकं कुठे अडकतो, कसं विचारलं की बोलतो, शरीराची काही अडचण, कोणतं काम दिलं की खुलतो. विशेषणं बंद. ‘हुशार’, ‘ढ’, ‘खोडकर’ यांतला एकही शब्द आला तर पान परत. हा धोका खरा आहे. वाईट हातात हे पान शिक्का होईल आणि पोरगं नव्या शाळेत जुनी बदनामी घेऊन जाईल. म्हणून त्यात मूल कसं आहे हे लिहायचं नाही, शिक्षकाने काय करायचं तेवढंच लिहायचं. ‘पहिल्या रांगेत बसवा’ यातून कुणाची बदनामी होत नाही.

आणि ते पान द्यायला एक दुपार हवी. केंद्रशाळेवर शिक्षण परिषदा होतातच. तिथे जूनमध्ये एकदा हायस्कूलच्या आठवीच्या वर्गशिक्षकांना बोलवायचं. हे का होत नाही याचं उत्तर जिल्हा परिषदेच्या इमारतीत मिळतं. प्राथमिकचे शिक्षणाधिकारी वेगळे, माध्यमिकचे वेगळे. केंद्रप्रमुख पहिल्यांच्या साखळीत, हायस्कूल दुसऱ्यांच्या. प्राथमिकच्या हिशेबात सातवीचा मुलगा ‘बाहेर पडला’, माध्यमिकच्या हिशेबात आठवीचा ‘दाखल झाला’. दोन्हीकडे आकडा बरोबर जुळतो, म्हणून अडचण कुणाच्याच फायलीत दिसत नाही. २०२१ साली कोरोनाच्या काळात राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यास काढला होता, सराव आणि ठरावीक दिवसांनी चाचणी. म्हणजे सेतू बांधता येतो हे आपल्याला माहीत आहे. तो जवळपास सगळ्या इयत्तांना सरसकट दिला. जिथे खरी नदी आहे तिथे कायमचा ठेवावा असं कुणाला वाटलं नाही.

एका पानाने साठ मुलांचा वर्ग तीसचा होणार नाही. श्रावणात भद्रा मारुतीला गर्दी उसळली की एसटी अडकायची ती अडकेलच. भाच्याचंही सगळं मार्गी लागलंय असं नाही. चष्मा आला, सरांनी दुसऱ्या बाकावर घेतलं, पोटदुखी थांबली. अपूर्णांकांसाठी मी रविवारी व्हिडिओ कॉलवर कागदाच्या पट्ट्या दुमडत बसतो. दुसऱ्या घटक चाचणीत अकरा मिळाले. पण पहिलीच्या पोरांना वाचून दाखवायचं काम हायस्कूलमध्ये कुठून आणायचं हे सरांनाही सुचलेलं नाही, मलाही नाही.

ताईची धाकटी यंदा सातवीत आहे. जूनमध्ये तीही त्याच एसटीत बसेल. मी गुरुजींना म्हटलं, शेऱ्याच्या रकान्यात रेघ मारू नका, काहीतरी लिहा. ते हसले, म्हणाले, त्या रकान्यात असलं काही लिहिलं तर लोक विचारतील हे काय. मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं, चौदा ओळी, बारीक अक्षरात. पहिली ओळ आहे: ‘ही डावखुरी आहे, हिला बाकाच्या डाव्या टोकाला बसवावे.’